वाय-फाय चालू, यादी रिकामी: कॅबिनेटच्या पाठीमागचे ते दोन सोनेरी ‘स्क्रू’

प्रश्न: मागच्या महिन्यात डेस्कटॉप असेंबल करून घेतला. मदरबोर्डवरच वाय-फाय आहे. वाय-फाय चालू होतं, पण यादीत एकही नेटवर्क येत नाही. त्याच टेबलावर मोबाइलला रेंज चांगली मिळते. ड्रायव्हर तीनदा टाकला, विंडोजही नव्याने टाकलं. दुकानात नेलं तर तिथे व्यवस्थित चाललं, घरी आणलं की परत तेच. दुकानदार म्हणतो राउटर बदला. मागे यूएसबीच्या शेजारी दोन सोनेरी स्क्रू आहेत, त्यांवर लाल टोप्या आहेत. त्यांचा काही संबंध आहे का?

उत्तर:

सगळा संबंध त्यांचाच आहे. ते स्क्रू नाहीत, अँटेना बसवायचे कनेक्टर आहेत, आणि लाल टोप्या फक्त धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यातून घालून येतात. राउटर बदलू नका, विंडोजला आता हात लावू नका. मदरबोर्डचा खोका शोधा. बोर्ड ठेवलेला असतो त्याच्या खाली पुठ्ठ्याचा एक कप्पा असतो. त्यात साटा केबल, ड्रायव्हरची सीडी किंवा पेनड्राइव्ह, एम.२ चे बारके स्क्रू आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोन काळ्या दांड्या असतील. काही बोर्डांबरोबर दांड्यांऐवजी एकच चपटी डबी येते, तिला दोन वायरी असतात. त्याच तुमच्या अँटेना.

असेंबल करणारा माणूस साटा केबल आणि स्क्रू काढून घेतो, कारण त्यांच्यावाचून काम अडतं. अँटेनावाचून त्याचं काहीच अडत नाही. मशीन सुरू होतं, विंडोज बसतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायचं कार्ड नावासकट दिसतं, कुठे पिवळं चिन्ह नाही. शिवाय दुकानात नेटही चालतं. मग खोका बंद करून तो तुमच्या हातात देतो, किंवा ‘वॉरंटीला लागेल’ म्हणून स्वतःच्या माळ्यावर टाकतो.

हे मी इतकं ठामपणे सांगतोय, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. एका निवृत्त काकांना मशीन बांधून दिलं होतं. ‘घरी वाय-फाय दिसत नाही’ म्हणून ते कॅबिनेट रिक्षात घालून घेऊन आले. मी बेंचवर लावलं, यादीत माझ्या दुकानाचं नेटवर्क, लगेच जोडलं गेलं, व्हिडिओ चालला. ‘काका, मशीन ओके आहे’ म्हणून परत पाठवलं. चार दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र ते वैतागले. म्हणाले, “अहो, तुमच्याकडे चालतं आणि माझ्याकडे नाही, म्हणजे माझ्या घराला काय दृष्ट लागलीय?” त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, टेबलाखाली वाकून बॅटरी मारली, तर मागे दोन्ही टोप्या जशाच्या तशा. अँटेनाची पिशवी माझ्याच माळ्यावर, न फोडलेली.

दुकानात चालण्याचं कारण साधं आहे, आणि ते कळलं की पुढचं निदान आपोआप होतं. माझा राउटर बेंचच्या वरच्या फळीवर आहे, हाताच्या अंतरावर. बहुतेक दुकानांत असंच असतं.

थोडा हिशेब मांडतो. वाय-फायच्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडे उणे असतात. शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल चांगला. त्यात १० ने घट झाली की ताकद दहाव्या हिश्श्यावर येते, ३० ने घट झाली की हजाराव्या. घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॅटच्या आसपास सोडतो, म्हणजे २० डीबीएम. २.४ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत पहिल्या एका मीटरमध्येच ४० जातात. म्हणून मीटरभर अंतरावर उणे २० उरतं. दहा मीटरवर उणे ४०, आणि मध्ये विटांच्या दोन भिंती आल्या की उणे ५५ ते ६०. तुमच्या टेबलावर मोबाइलला मिळतंय ते साधारण एवढंच असणार, आणि ते उत्तम आहे.

आता अँटेना काढून टाका. राहते ती कनेक्टरच्या मधली काही मिलिमीटरची पिन. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिचा पाव भाग ३१ मिलिमीटर. अँटेनाचा तुकडा नीट झंकारायला निदान तेवढ्या लांबीचा हवा. शिवाय ही पिन चारही बाजूंनी अर्थिंगला जोडलेल्या पितळी नळीत बसलेली असते आणि मागे पत्र्याचा डबा. त्यामुळे जवळजवळ काहीच आत येत नाही. नुकसान कार्डागणिक बदलतं, पण ३० ते ४० डीबी धरून चाला. मधला आकडा घेऊ, ३५.

दुकानात: उणे २० मधून आणखी ३५ वजा, म्हणजे उणे ५५. कार्डाला हे भरपूर आहे, यादीत नाव येणार, नेट चालणार.

तुमच्या घरी: उणे ५८ मधून ३५ वजा, म्हणजे उणे ९३. साधारण उणे ९० च्या खाली कार्डाला कुजबुजही ऐकू येत नाही, त्यातून डेस्कटॉपच्या आत यूएसबी ३ चा स्वतःचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात असतोच. म्हणून नाव नाही. आणि शेजारच्या फ्लॅटमधली नेटवर्कं तर मोबाइललाच उणे ७५, ८० ने मिळत असतात, ती यादीत येण्याचा प्रश्नच नाही. ‘एकही नेटवर्क नाही’ हे एवढ्यामुळेच. राउटर बिघडला असता तर तुमचं नेटवर्क गायब झालं असतं, शेजाऱ्यांची दिसली असती. इमारतीत राहणाऱ्याच्या यादीत शून्य नावं असतील, तर दोष बहुधा ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

अजून एक खूण. कधीकधी रात्री, किंवा कॅबिनेट जरा सरकवलं की, नाव क्षणभर चमकून जातं, पण जोडायला गेलं की जोडत नाही. राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा, सर्वांत कमी वेगात पुकारत असतो, म्हणजे दूरपर्यंत कळावं. त्यामुळे नाव ऐकू येतं तिथे संभाषण होईलच असं नाही. अँटेना नसण्याचं नुकसान जातानाही तेवढंच होतं, कार्डाचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही. लोक इथे पासवर्ड बदलत बसतात.

खोका सापडत नसेल तर नवीन अँटेना विकत घेण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा करून खात्री करा. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. आयफोनवर `Maximize Compatibility` चालू करा. मग फोन कॅबिनेटच्या मागे, त्या सोनेरी कनेक्टरांना जवळजवळ टेकवून धरा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये हे द्या:

```
netsh wlan show interfaces
netsh wlan show networks mode=bssid
```

पहिल्या कमांडच्या उत्तरात `Radio status` समोर `Hardware On` आणि `Software On` दिसलं, तर कार्ड जिवंत आहे, रेडिओ चालू आहे आणि ड्रायव्हर आपलं काम करतोय. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत ही कमांड लोकेशनची परवानगी मागते, ती सेटिंगमध्ये देऊन टाका, नाहीतर नसतं कोडं पडेल. दुसऱ्या कमांडच्या उत्तरात हॉटस्पॉटचं नाव शोधा आणि त्याखालचा `Signal` बघा. तो टक्क्यांत असतो. टक्क्यांचे निम्मे करून त्यातून १०० वजा केले की अंदाजे डीबीएम मिळतो: ६० टक्के म्हणजे उणे ७०.

आता फोन दुसऱ्याच्या हातात देऊन खोलीच्या दारापर्यंत पाठवा, मग शेजारच्या खोलीत. प्रत्येक वेळी पाचदहा सेकंद थांबून, वाय-फायची यादी एकदा उघडून, दुसरी कमांड पुन्हा द्या. विंडोज जुनी यादी थोडा वेळ धरून ठेवतं, म्हणून हे थांबणं आवश्यक आहे. अँटेना नसेल तर फोन पाठीला टेकलेला असताना नाव हमखास दिसतं, दाराशी आकडा धाडकन कोसळतो आणि पुढच्या खोलीत नाव बहुधा गायब होतं. अँटेना नीट असती तर दाराशी गेल्यावर फारसा फरकच पडला नसता. फोन अगदी टेकवूनही काहीच दिसत नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. त्याकडे शेवटी येतो.

ब्लूटूथही एक साक्षीदार आहे. या कार्डांत ब्लूटूथ त्याच दोनपैकी एका अँटेनावर चालतं. माउस टेबलावर असूनही अडखळतो, हेडफोन मान वळवली की तुटतो, अशी तक्रार वाय-फायच्या रिकाम्या यादीबरोबर आली की मी फोनवरच विचारतो, “मागे दांड्या लावल्यात का?”

आणि एका गोष्टीत गल्लत करू नका. यादी रिकामी असणं वेगळं, आणि वाय-फायचं बटणच नसणं वेगळं. बटणच नसेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच नसेल, तर तिथे ड्रायव्हर, बायोसमधलं सेटिंग किंवा कार्ड नीट न बसणं, हे सगळं बघावं लागतं. अँटेना नसल्यामुळे कार्ड कधीच नाहीसं होत नाही.

महिनाभर अँटेनाशिवाय चालवलं तर कार्ड जळलं असेल का, हा प्रश्न पुढे येईलच. हौशी रेडिओवाले अँटेनाशिवाय ट्रान्समीटर दाबू नका म्हणतात ते खरं आहे, पण त्यांच्याकडे पन्नास-शंभर वॅट असतात. इथे शंभर मिलिवॅटच्या आतबाहेरचा मामला. परत फिरलेली ऊर्जा चिप पचवते. असं वर्षभर चाललेलं मशीन मी अँटेना लावून व्यवस्थित चालताना पाहिलं आहे.

खोका मिळाला तर उत्तमच, दुकानदाराकडे मागा, बहुतेकदा त्याच्याकडेच सापडतो. नाहीच मिळाला तर सुट्ट्या अँटेना लॅमिंग्टन रोड, तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन सहज मिळतात. फार महाग नसतात. पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात.

वाय-फायला लागते ती ‘आरपी-एसएमए’ अँटेना. ४जी राउटर आणि सीसीटीव्हीच्या सिम-रेकॉर्डरला बहुधा साधी ‘एसएमए’ लागते. दोन्ही बाहेरून हुबेहूब सारख्या, आटेही तेच. फरक फक्त मध्ये असतो. तुमच्या कॅबिनेटवरच्या कनेक्टरला बाहेरून आटे आहेत आणि मध्ये बारीक पिन आहे. टोपी काढून उजेडात बघा, दिसेल. म्हणजे अँटेनाच्या नटाला आतून आटे हवेत आणि मध्ये भोक हवं. मध्ये पिन असलेली अँटेना आणलीत तर पिनेवर पिन आदळते, नट दोन फेऱ्यांनंतर अडतो, आणि जोर लावला तर कॅबिनेटकडची पिन वाकते. ती वाकली की खरंच दुरुस्ती निघते. हा उलटसुलट प्रकार आला अमेरिकेतून. तिथल्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेच्या नियमानुसार ग्राहकाला हवी ती जोरदार अँटेना सहज लावता येऊ नये म्हणून कनेक्टर वेगळा असायला हवा होता. कंपन्यांनी पिन आणि भोक यांची अदलाबदल केली आणि मोकळ्या झाल्या. आता तीच अदलाबदल जगभर जिथेतिथे मिळते, त्यामुळे नियमाचा हेतू साधला की नाही ते सोडा, गोंधळ मात्र आपल्या वाट्याला आला.

दुकानात जाताना नावापेक्षा खूण लक्षात ठेवा: आतून आटे, मध्ये भोक. आणि ‘२.४ आणि ५ दोन्ही’ असं विचारून घ्या. फक्त २.४ ची जुनी अँटेना लावली तर चालेल, पण ५ गिगाहर्ट्झला ती अर्धवटच ऐकते. काही नव्या बोर्डांवर आटे नसून नुसतं दाबून बसवायची अँटेना असते. ती त्याच बोर्डाची लागते, सुट्टी शोधण्यात वेळ घालवू नका.

बसवताना मशीन बंद करा. वीज लागेल म्हणून नाही, पण टेबलाखाली अंधारात चाचपडताना शेजारचा यूएसबी नको निघायला. अँटेना सरळ ठेवा, वाकवलेली नाही, आणि काळ्या दांडीला पिळू नका. खाली खाचा असलेला नट आहे तो दोन बोटांनी फिरवा. पहिली फेरी हलकी जायला हवी. सुरुवातीलाच खरखर लागली तर आटे तिरके चढताहेत, मागे फिरवून पुन्हा धरा. शेवटी बोटाने घट्ट एवढंच, पक्कड आणू नका. पक्कड लावली की अँटेनाबरोबर कॅबिनेटच्या पत्र्यातला अख्खा कनेक्टर फिरतो, आणि आतली केसाएवढी वायर पिळवटून कार्डावरून निघते. मग बाहेरून दोन्ही अँटेना दिमाखात उभ्या आणि यादी परत रिकामी. असं मशीन माझ्याकडे आलं की मी आधी कनेक्टर बोटाने हलवून बघतो. सैल फिरला की समजायचं, आत वायर सुटली आहे.

दोन्ही अँटेना लावा. एकच लावली तर नेटवर्कं दिसतील, पण वेग साधारण निम्मा मिळेल, आणि ज्या कनेक्टरवर ब्लूटूथ आहे नेमका तोच रिकामा राहिला तर माउसची रड चालूच राहील.

लावून झाल्यावर दांड्या कशा ठेवायच्या? उभ्या. दांडीच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत कमी जातो, आजूबाजूला सर्वांत जास्त. त्यामुळे दांडी राउटरकडे भाल्यासारखी रोखून धरण्यात काही अर्थ नाही. एक उभी ठेवा आणि दुसरी थोडी कलती. कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीला लावून ठेवलेलं असेल तर दोन्ही अँटेना पत्रा आणि भिंत यांच्या फटीत सापडतात आणि राउटर पुढच्या बाजूला असेल तर अख्खा डबा मध्ये येतो. कॅबिनेट वीतभर पुढे ओढलं, जरा तिरकं केलं तरी फरक दिसतो. तुमच्या पिशवीत वायरची डबी निघाली तर तुम्ही नशीबवान, ती सरळ टेबलावर ठेवा.

आता मागे ठेवलेला मुद्दा. फोन पाठीला टेकवूनही हॉटस्पॉट दिसला नाही, किंवा बरोबर अँटेना लावूनही यादी रिकामीच राहिली, तर आतली जोडणी बघायची. स्लॉटमध्ये बसवलेलं वेगळं कार्ड असेल तर काम सोपं: कार्ड काढलं, उष्णता शोषणारी पट्टी असली तर ती सोडवली, की खाली छोटं एम.२ कार्ड दिसतं. त्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी दोन सोनेरी बटणं असतात, त्यांवर बारीक काळ्या वायरींची टोकं दाबून बसवलेली असतात. सुटलेलं टोक बटणाच्या बरोबर वर आणा, नखाने सरळ खाली दाबा. बारीक ‘टक्’ असं बोटाला कळतं. सरकवून बसवायला गेलात तर बटणाची कड मुडपते. ही टोकं वारंवार काढघाल करायला बनवलेली नाहीत, तीसेक वेळांत सैल पडतात, म्हणून कुतूहलापोटी उघडू नका. मदरबोर्डवरच्या वाय-फायचं कार्ड मागच्या पोर्टांपाशी, पत्र्याच्या डब्यात उभं असतं. तिथे पोचायला बोर्ड काढावा लागतो. मशीन वॉरंटीत आहे, ते काम दुकानदाराला करू द्या, पण त्याच्या बेंचवर राउटरजवळ तपासून ‘ओके’ म्हणाला तर ऐकू नका. हॉटस्पॉट चालू केलेला फोन घेऊन दुकानाच्या बाहेर, रस्त्यापलीकडे उभे राहा आणि मग त्याला यादी उघडायला सांगा.

अँटेना बसल्यावर तुमच्या टेबलावरून पुन्हा दुसरी कमांड द्या. मोबाइलला तिथे चांगली रेंज आहे, म्हणजे डेस्कटॉपला तुमच्या राउटरचा `Signal` ८० टक्क्यांच्या आसपास दिसायला हवा, आणि खाली शेजाऱ्यांच्या नेटवर्कांची रांग. ५० च्या खाली दिसला तर एक अँटेना हाताने काढून आकडा बघा, ती लावून दुसरी काढून बघा. जी काढल्यावर आकड्यात काहीच फरक पडत नाही, तिच्या बाजूची आतली वायर सुटलेली आहे.